परक्या विषयाच्या परीक्षकासमोर पाच मिनिटं : व्हायवातला तोंडी सारांश कसा बांधायचा

व्हायवा सुरू होतो, अध्यक्ष घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "पाच मिनिटांत कामाचा सारांश सांगा, मग प्रश्न घेऊ." समोर बसलेल्यांपैकी एकाच परीक्षकाला तुमचा विषय आतून माहीत असतो. दुसरे संख्याशास्त्राचे, तिसऱ्या मॅडम समाजशास्त्राच्या. विद्यार्थी सुरुवात करतो, "माझ्या प्रबंधात एकूण सात प्रकरणं आहेत. पहिल्या प्रकरणात…" पाच मिनिटं संपतात तेव्हा तो तिसऱ्या प्रकरणात असतो आणि आपण नेमकं काय शोधलं हे अजून बोललेलाच नसतो.

गेली काही वर्षं मी पुण्यात संशोधक विद्यार्थ्यांच्या सराव-व्हायवांना बसते आहे. तिथे सर्वांत जास्त दुरुस्ती या पाच मिनिटांनाच लागते. त्यातलंच एक उदाहरण घेऊन सगळी तयारी इथे मांडते. विद्यार्थिनी पर्यावरणशास्त्राची, काम पुरंदर तालुक्यातल्या विहिरींवर. तिचे आकडे मी मुद्दाम बदलून सोपे केले आहेत, कारण इथे महत्त्व मांडणीला आहे.

आधी एक वाक्य, मग बाकी सगळं

पहिल्या दिवशी स्लाइड उघडायची नाही. कागदावर एकच वाक्य लिहायचं : "लोक अमुक समजतात, पण मी मोजलं तेव्हा तमुक निघालं." हे वाक्य येईपर्यंत पुढे जायचं नाही. आमच्या विद्यार्थिनीचं पहिलं वाक्य असं होतं : "पुरंदर तालुक्यातील बेसाल्ट जलधरांच्या पुनर्भरणातील अवकाशीय भिन्नतेचा अभ्यास." हे वाक्य नाही, शीर्षक आहे. यात दावा कुठेच नाही, त्यामुळे संख्याशास्त्राच्या सरांना पटण्या-न पटण्यासारखंही काही हाती लागत नाही.

मी तिला विचारलं, "तुला शेतात कशाचं आश्चर्य वाटलं?" ती म्हणाली, "मॅडम, पावसाळ्यानंतर जी विहीर जास्त चढली, तिच्या शिवारात कमी पाणी मुरलं होतं." हेच तिचं वाक्य! दीड वर्ष ते तिच्या बोलण्यात होतं, फक्त प्रबंधाच्या भाषेत हरवलं होतं. असं वाक्य बहुतेक वेळा कॅन्टीनमध्ये मित्राशी बोलताना सापडतं, म्हणून पहिला मसुदा तोंडीच करा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा.

दोन-तीन प्रकरणांचे निष्कर्ष वेगवेगळे असतील तर एकच निवडावा लागतो. हे जिवावर येतं. पण राहिलेलं काम प्रबंधात छापलेलं आहे आणि प्रश्नोत्तरांत ते बाहेर येतंच. पाच मिनिटांत तीन दावे मांडले तर परक्या विषयाच्या माणसाला एकही तपासता येत नाही.

परीक्षक कोण आहेत ते बघा, पण वेगळ्या कारणासाठी

परीक्षकांची नावं कळली की विद्यार्थी त्यांचे लेख शोधून ते संदर्भांत घुसवतात. त्यापेक्षा दुसरी गोष्ट शोधा : तुमचे कोणते शब्द त्यांच्या विषयात वेगळ्या अर्थाने चालतात? तुम्ही सहज म्हणालात, "दोन्ही गटांत सिग्निफिकंट फरक आहे," तर तुमच्या मनात त्याचा अर्थ "बराच" असतो, पण संख्याशास्त्राच्या सरांना ती एका चाचणीची घोषणा वाटते. ते लगेच विचारणार, "कोणती चाचणी, किती नमुने?" चाचणी केली असेल तर तिचं नाव घ्या, नसेल तर "दुपटीच्या जवळपास फरक" म्हणा. "मॉडेल" हा शब्दही असाच फसवा आहे. भूजलवाल्यांसाठी ते समीकरण असतं, समाजशास्त्राच्या मॅडमना ती विचारांची चौकट वाटू शकते. असे दोन-तीन शब्द निघतात. त्यांच्या जागी साधे शब्द घातले की परीक्षक शब्दाशी झगडत बसत नाहीत.

शिकवायचा शब्द एकच

पाच मिनिटांत श्रोत्याला एक नवी संकल्पना शिकवता येते. दुसरी शिकवायला गेलात की पहिली निसटते. म्हणून मसुद्यातले सगळे पारिभाषिक शब्द पेन्सिलीने गोल करून मोजा. आमच्या विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात अकरा निघाले : जलधर, पारगम्यता, विशिष्ट उत्पन्न, सच्छिद्रता, अवनमन आणि असेच आणखी. प्रत्येकापुढे प्रश्न लिहिला : हा शब्द काढला तर माझा दावा कळेनासा होतो का? दहा शब्दांचं उत्तर "नाही" आलं. उरला फक्त विशिष्ट उत्पन्न, म्हणजे खडकाच्या एकूण आकारमानापैकी किती टक्के पाणी त्यातून निथळून बाहेर येतं ते. पुण्याभोवतीच्या काळ्या खडकात हे प्रमाण फार थोडं, एक ते तीन टक्क्यांच्या आसपास असतं.

हा एक शब्द शिकवायला तिला एक पूर्ण मिनिट दिलं. ते मिनिट असं :

"दोन सारखे काचेचे ग्लास डोळ्यांसमोर आणा. एकात खडी भरली आहे. दुसऱ्यात जवळजवळ ग्लासाएवढाच एक दगड बसवला आहे. दोन्हींत एकेक चमचा पाणी ओता. पाणी कुठे जास्त चढेल? दगडाच्या ग्लासात, कारण तिथे पाण्याला जागाच कमी आहे. म्हणजे पातळी जास्त चढली याचा अर्थ पाणी जास्त आलं, असं नाही. खडकात पाण्यासाठी किती जागा आहे हे कळल्याशिवाय पातळीवरून पाणी मोजता येत नाही. या जागेला आम्ही विशिष्ट उत्पन्न म्हणतो. माझ्या खडकांत ती जागा ग्लासातल्या खडीपेक्षा कितीतरी कमी आहे, शंभर लिटर खडकामागे एक ते तीन लिटर."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. उपमा जिथे संपते ती जागा आपणच सांगितली नाही, तर ती परीक्षक दाखवतात आणि मग पाच मिनिटं उपमेच्या बचावात जातात. ग्लास खरोखर आणायचा की नाही यावर आम्ही वाद घातला. मी "नको" म्हणाले. ग्लास मांडण्यात, पाणी ओतण्यात अर्धं मिनिट जातं आणि मागच्या रांगेला काही दिसत नाही. ऐकूनच ते चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं.

पाच मिनिटांची वाटणी

तिची वाटणी सेकंदांत अशी ठरली : कोडं ४५, संकल्पना ६०, काय केलं ७५, काय निघालं ७५, मर्यादा ३०. एकूण २८५. उरलेले पंधरा सेकंद श्वास, माइक आणि अध्यक्षांच्या खोकल्यासाठी. सरावात ४ मिनिटं ४५ सेकंदांच्या आत बसत असेल तरच प्रत्यक्ष दिवशी पाचात बसतं, कारण त्या दिवशी अडखळण्याचा आणि थांबण्याचा वेळही धरावा लागतो.

शब्दांत सांगायचं तर इंग्रजीत बोलणार असाल तर साडेपाचशे शब्दांच्या वर जाऊ नका. मराठीत साडेचारशेच पुरेत. आपले शब्द लांब असतात आणि घाईने बोललं की प्रत्यय गिळले जातात. व्हायवा इंग्रजीत होणार असला तरी पहिले दोन सराव मराठीतच करा, असं मी आग्रहाने सांगते. मराठीत बोलताना पाठ केलेली पुस्तकी वाक्यं आधाराला येत नाहीत, त्यामुळे जे आपल्याला नीट कळलेलं नाही ते तिथेच अडतं. अडलेली जागा दुरुस्त करून मग इंग्रजीत जा.

सुरुवातीचे ४५ सेकंद असे झाले : "पुरंदरमध्ये एकाच गावात, अर्ध्या किलोमीटरच्या अंतरावर, दोन विहिरी आहेत. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. एका पावसाळ्यात पहिलीची पातळी चार मीटर चढली, दुसरीची सात मीटर. गावात सगळे म्हणतात, दुसऱ्या विहिरीला पाणी जास्त आलं. पातळीतला फरक गुणिले एक ठरावीक टक्का असा हिशेब केला तर कागदावरही तसंच दिसतं. माझा प्रबंध म्हणतो की हे उलटं आहे." इथे विषयाचं महत्त्व सांगितलेलं नाही, पाण्याचं दुर्भिक्ष्य नाही, आभार नाहीत. ते तिने आधी लिहिले होते. चाळीस सेकंद जात होते आणि परीक्षकाला नवं काहीच मिळत नव्हतं.

काय केलं : पद्धतीचा निवाडा करता येईल इतकंच

परक्या विषयाच्या परीक्षकाला तुमचं यंत्र नको असतं. त्याला कळायला हवं असतं की तुलना कशाची कशाशी केली आणि तुमचं म्हणणं चुकीचं असतं तर ते कशावरून दिसलं असतं. हा दुसरा भाग जवळजवळ सगळेच गाळतात, आणि दुसऱ्या विषयाचा माणूस नेमका तोच शोधत असतो. रसायनशास्त्र असो की इतिहास, ही कसोटी प्रत्येकाला ओळखता येते.

तिचं बोलणं असं : "मी दोन पावसाळे चोवीस विहिरींची पातळी दर पंधरवड्याला टेपने मोजली. विहिरीच्या कडांवरून खडक वाचला. बारा विहिरी झिजलेल्या, भेगाळलेल्या, सच्छिद्र खडकात आहेत आणि बारा अखंड, मोजक्या भेगांच्या खडकात. मग सहा विहिरींवर पंप लावला आणि पातळी कशी उतरते, परत कशी चढते ते मोजलं. त्यावरून त्या खडकात पाण्याला किती जागा आहे याचा अंदाज काढला. दोन्ही खडकांत ही जागा सारखी निघाली असती तर गावकऱ्यांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं आणि माझा प्रबंध तिथेच संपला असता."

पंपाच्या चाचणीचं सूत्र, सॉफ्टवेअरचं नाव, आलेखाचा प्रकार यातलं काहीच नाही. भूजलाच्या परीक्षकांना ते हवं असेल तर विचारतील, आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तयार आहे.

काय निघालं : एकच हिशेब, बोलता बोलता करता येईल असा

निष्कर्ष सांगताना टक्केवाऱ्यांचं कोष्टक वाचू नका. श्रोत्याला मनात करता येईल असा एकच गुणाकार द्या. विशिष्ट उत्पन्न पहिल्या विहिरीच्या खडकाचं तीन टक्के, दुसरीच्या खडकाचं एक टक्का निघालं असं धरू.

"पहिली विहीर चार मीटर चढली. चार मीटरचे तीन टक्के म्हणजे बारा सेंटीमीटर पाणी. दुसरी सात मीटर चढली. सात मीटरचा एक टक्का म्हणजे सात सेंटीमीटर. कमी चढलेल्या विहिरीच्या शिवारात जास्त पाणी मुरलं. दोन्हींना सरसकट दोन टक्के धरले असते तर पहिलीला आठ आणि दुसरीला चौदा सेंटीमीटर आले असते, म्हणजे क्रमच उलटा. पंप लावून मोजलेल्या सहा विहिरींपैकी पाचांत हाच प्रकार दिसला. सहावीत दिसला नाही. तिच्या कडेला दोन खडकांची सीमा आहे, आणि तिचं स्पष्टीकरण माझ्याकडे अजून पूर्ण नाही."

सहावी विहीर लपवायची नाही, हे मी ठामपणे सांगते. ती प्रबंधात आहे आणि परीक्षकांनी प्रबंध वाचलेला आहे. आपण सांगितली तर ती एक अपवाद राहते. परीक्षकांनी बाहेर काढली तर ती लपवाछपवी दिसते, आणि मग बाकीच्या पाच विहिरींवरही शंका येते.

इथेच एक फसगत होते आणि ती ओळखायला सोपी आहे. सराव ऐकणाऱ्याने "बारा सेंटीमीटर म्हणजे विहिरीत का?" असं विचारलं, तर संकल्पनेचं मिनिट कमी पडलं आहे. बारा सेंटीमीटर हे विहिरीतलं पाणी नाही. ते सगळ्या शिवारावर पसरवलं तर होणाऱ्या थराची जाडी आहे, पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात तशीच. तिच्या दुसऱ्या सरावाला अगदी हेच झालं. आम्ही "शिवारभर पसरलं तर बारा सेंटीमीटरचा थर" असे शब्द घातले आणि हा प्रश्न पुन्हा आला नाही.

मर्यादा : तीस सेकंद, पण नेमके

"पुढील संशोधनाला वाव आहे" हे वाक्य काढून टाका. तुमचा निष्कर्ष कुठे लागू होत नाही ते सांगा. तिने तीन गोष्टी निवडल्या. पहिली, विहिरी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत. ज्या शेतकऱ्यांनी परवानगी दिली त्यांच्याच आहेत. दुसरी, मोठ्या व्यासाच्या विहिरीत स्वतःचंच पाणी भरपूर असतं, त्यामुळे पंप लावल्यावर सुरुवातीला विहिरीतलं पाणी उतरतं, खडकातलं नंतर. म्हणून टक्क्याच्या आकड्यात चूक राहू शकते, क्रम मात्र टिकतो असं ती म्हणते. तिसरी, पावसाळ्यातही काही जण उपसा करत होते आणि थोडं पाणी बाजूच्या शिवारात सरकतं. हे दोन्ही तिने अंदाजानेच धरलं आहे.

पहिली मर्यादा संख्याशास्त्राच्या सरांसाठी आहे आणि दुसरी भूजलाच्या परीक्षकांसाठी. समाजशास्त्राच्या मॅडमसाठी वेगळं काही नव्हतं आणि ते जाणवत होतं. तिच्या होस्टेलच्या खोलीत राहणारी अर्थशास्त्राची मैत्रीण सरावाला बसली आणि तिने विचारलं, "ज्यांच्याकडे विहीरच नाही ते तुझ्या अभ्यासात कुठे आहेत?" उत्तर होतं, कुठेच नाहीत. ते वाक्य तसंच पहिल्या मर्यादेला जोडलं : "विहीर नसलेल्या कुटुंबांच्या पाण्याबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही."

सराव कोणासमोर

तुमच्याच विभागातल्या मित्रासमोर सराव केला तर तो चुका भरून काढत ऐकतो आणि "मस्त झालं" म्हणतो. तीन माणसं शोधा : एक दुसऱ्या विज्ञानशाखेतला, एक सामाजिक शास्त्रातला, आणि एक पदवीपर्यंत शिकलेलं घरचं माणूस. पाच मिनिटं ऐकून झाल्यावर त्यांना मत विचारू नका. म्हणा, "मी काय शोधलं ते एका वाक्यात सांगा." तिच्या आत्याने सासवडच्या घरी बसून सांगितलं, "जास्त चढलेल्या विहिरीत पाणी जास्त असेलच असं नाही, खडकावर आहे ते." तेव्हा आम्ही मजकूर बदलणं थांबवलं. त्याआधीच्या सरावात आत्या म्हणाली होती, "तू पुष्कळ विहिरी मोजल्यास." कामाचे कष्ट पोहोचले होते, दावा पोहोचला नव्हता.

पाठांतर करू नका. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं मात्र शब्दशः पाठ असावीत. मधल्या प्रत्येक भागाचा पहिला शब्द एका कार्डावर लिहा : विहिरी, ग्लास, चोवीस, गुणाकार, मर्यादा. अडखळलात तर कार्डाकडे एक नजर पुरते. सगळा मजकूर पाठ असला आणि एक शब्द निसटला, तर माणूस मागे जाऊन सुरुवातीपासून म्हणू लागतो. सराव-व्हायवात हे मी अनेकदा पाहिलं आहे.

अध्यक्षांनी मध्येच "दोन मिनिटांत आटपा" म्हटलं तर? कोडं, गुणाकार आणि पहिली मर्यादा हे तिन्ही दीड मिनिटात बसतात. हा छोटा क्रमही दोनदा म्हणून ठेवा. आणि कोणी दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न विचारला तर "पुढे येणार आहे" म्हणून टाळू नका. एका वाक्यात उत्तर देऊन "त्याचं मोजमाप असं केलं" म्हणत पुढच्या भागात जा.

पडद्यावर काय

एकच चित्र. आडवी जमीन, तिच्यात दोन विहिरी, एकीभोवती भेगांचा खडक आणि दुसरीभोवती अखंड खडक, दोन्हींत पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी. खाली चार आकडे : ४ मी., ७ मी., १२ सेंमी., ७ सेंमी. हाताने काढून स्कॅन केलेलं चित्रही चालतं, रेषा जाड असल्या म्हणजे झालं. अनुक्रमणिकेची स्लाइड नको. लॉग अक्षाचा आलेख तर नकोच. अर्धे परीक्षक अक्ष वाचण्यात गुंततात आणि तुमचं बोलणं निसटतं. सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर जुना असेल तर फिकट रंग दिसत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, पडदे उघडे ठेवून, शेवटच्या रांगेतून चित्र बघा.

शेवटचं वाक्य झालं की थांबा. "धन्यवाद" लिहिलेली स्लाइड लावू नका. विहिरींचं चित्रच पडद्यावर राहू द्या. त्या दिवशी संख्याशास्त्राच्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तीन टक्के तुम्हाला कसे कळले?" आणि विद्यार्थिनीने मागे वळून पडद्यावरच्या डाव्या विहिरीकडे बोट दाखवत उत्तराला सुरुवात केली.